१,२७,२०० रुपयांच्या नोटिशीला उत्तर

जीएसटीची कारणे दाखवा नोटीस बहुतेक वेळा पोस्टाने येत नाही. ती पोर्टलवर ‘Additional Notices and Orders’ या आडबाजूच्या रकान्यात येऊन पडते. महिन्याचे रिटर्न भरणारा हिशेबनीस तिथे फारसा डोकावत नाही. मग तीस दिवसांतले वीस दिवस नोटीस नुसती सापडण्यातच जातात.

नमुन्यादाखल तालुक्याच्या गावातल्या एका हार्डवेअर दुकानाचे प्रकरण घेऊ. आकडे काल्पनिक आहेत, पण दुखणे अगदी नेहमीचे. २०१८-१९ या वर्षासाठी कलम ७३ खालची नोटीस डिसेंबर २०२३ मध्ये आली. तिचा मजकूर एवढाच, की तुम्ही ३बी रिटर्नमध्ये घेतलेले क्रेडिट तुमच्या २ए मध्ये दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा १,२७,२०० रुपयांनी जास्त आहे. ते व्याज आणि दंडासह का वसूल करू नये? ३बी हे व्यापाऱ्याने स्वतः केलेले निवेदन असते. २ए मात्र माल विकणाऱ्यांनी आपापल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये जे भरले त्यातून आपोआप तयार होते. म्हणजे अर्धी चूक दुसऱ्याच्या दुकानात झालेली असू शकते.

घाबरलेला व्यापारी दोन ओळी लिहून मोकळा होतो: ‘आमचे सर्व क्रेडिट बरोबर आहे, नोटीस रद्द करावी.’ अधिकाऱ्याला या दोन ओळींचा काडीचा उपयोग नसतो. त्याच्यापुढे एक आकडा आहे, आणि तो आकडा बिलागणिक फोडून दाखवला तरच त्याला काही वगळता येते.

आपल्या दुकानदाराने खरेदी नोंदवही आणि २ए समोरासमोर ठेवले तेव्हा फरकाचे तीन तुकडे निघाले. पहिला ४१,४०० रुपयांचा. ही मार्च २०१८ ची बिले; माल एप्रिलमध्ये पोहोचला म्हणून क्रेडिट एप्रिलच्या रिटर्नमध्ये घेतले. विक्रेत्याने मात्र ती मार्चमध्ये दाखवली, त्यामुळे ती आधीच्या वर्षाच्या २ए मध्ये बसली. त्या वर्षाच्या २ए ची प्रत जोडली की हा तुकडा सुटतो.

दुसरा तुकडा ६७,८०० रुपयांचा, आणि खरी मेहनत इथेच. पाइप विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने कर भरला होता, पण या दुकानाची बिले नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत दाखवली होती. अशा चुकांसाठीच केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी १८३ क्रमांकाचे परिपत्रक काढले. २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांत एका पुरवठादाराबाबतचा फरक पाच लाखांपर्यंत असेल, तर माल खरोखर दिला आणि त्यावरचा कर ३बी मधून भरला, असे त्या पुरवठादाराचे प्रमाणपत्र चालते. त्यावर गेले तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचे लागते.

प्रमाणपत्राआधी अधिकारी माल आला होता का ते पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये इकॉम गिल कॉफी प्रकरणात, कर्नाटकच्या जुन्या व्हॅट कायद्याखाली, नुसते बिल आणि चेकने दिलेले पैसे पुरेसे मानले नाहीत. म्हणून बिलाबरोबर बिल्टी, ई-वे बिल, भाड्याची पावती आणि बँकेचा उतारा लावावा. पाच वर्षांपूर्वीची बिल्टी कोण जपून ठेवतो, हा प्रश्न रास्त आहे. ट्रान्सपोर्टवाल्याच्या वहीत कधीकधी ती मिळते.

तिसरा तुकडा १८,००० रुपयांचा. एकच बिल दोनदा चढले होते. यावर वाद घालू नये. डीआरसी-०३ ने कर भरावा, चुकीचे क्रेडिट वापरले गेले असेल तर वर्षाला १८ टक्के दराने व्याजही. पाच वर्षांचे व्याज १६,२०० रुपये, म्हणजे जवळपास मुद्दलाइतकेच! नोटिशीपासून ३० दिवसांत कर आणि व्याज भरले तर कलम ७३ खाली दंड लागत नाही. त्या आधारे या भागावर दंड लावू नये, अशी विनंती उत्तरातच करावी. चूक सरळ मान्य केली की उरलेल्या दोन तुकड्यांवरचे म्हणणेही अधिकारी जास्त विश्वासाने वाचतो, असे मला वाटते.

उत्तर डीआरसी-०६ मध्ये जाते. त्यात वैयक्तिक सुनावणी हवी का, असा प्रश्न असतो. घाईत ‘नाही’ निवडणारे पुष्कळ. ‘हो’ निवडावे, कारण कागदांचा गठ्ठा समोर बसून समजावणे सोपे जाते. आदेश तरीही विरुद्ध गेला तर तीन महिन्यांत अपील करता येते. त्यासाठी वादातल्या कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते.

पाइपवाला दुकान बंद करून निघून गेला असता तर मात्र प्रकरण अवघड झाले असते. विक्रेत्याने कर सरकारजमा केला पाहिजे, अशी अट कलम १६ मध्येच आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ च्या सनक्राफ्ट एनर्जी प्रकरणात आधी विक्रेत्याची चौकशी करा, असे सांगितले. पण सगळी उच्च न्यायालये या अटीकडे त्याच नजरेने पाहत नाहीत. त्यात जानेवारी २०२२ पासूनच्या बिलांना आणखी कडक नियम आहे: विक्रेत्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवले नसेल, तर खरेदीदाराला क्रेडिट घेताच येत नाही.