लॅपटॉप लंडनला, पत्ता पुण्याचा

इंटरनेटवरचा आयपी पत्ता एकाच वेळी दोन कामं करतो. हे यंत्र कोणतं, हे तो सांगतो. आणि ते कुठे आहे, हेही तोच सांगतो. पत्त्याचा पुढचा भाग वाचून वाटेतले राउटर पॅकेट कोणत्या जाळ्याकडे धाडायचं ते ठरवतात. यंत्र जागचं हलत नाही तोवर या दुहेरी कामाचा कुणाला त्रास होत नाही. ते हललं की पेच पडतो. जुना पत्ता ठेवला, तर पॅकेटं जुन्याच जागी जात राहतात. नवा घेतला, तर चालू असलेलं काम तुटतं, कारण टीसीपी जोडणी दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक या चौकडीवरूनच ओळखली जाते. चारांतला एक बदलला की पलीकडच्या सर्व्हरच्या लेखी समोर कुणी अनोळखी येतो.

ऑक्टोबर १९९६ मध्ये यावरचा एक तोडगा आरएफसी २००२ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक होते आयबीएममधले चार्ल्स पर्किन्स, आणि तोडग्याचं नाव मोबाइल आयपी. त्यात एक धाडसी अट पाळलेली होती: पलीकडच्या टोकाला काहीही बदलावं लागू नये. जगभरचे सर्व्हर आणि मधले राउटर होते तसेच राहतील, जो फिरतो त्याने आणि त्याच्या घरच्यांनी काय ते सांभाळायचं. या रचनेचं सगळं सौंदर्य आणि तिची जवळजवळ सगळी दुखणी या एकाच अटीतून निघाली, असं मला वाटतं.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. पत्ते खास उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत. पुण्यातल्या एका संस्थेतल्या लॅपटॉपचा कायमचा पत्ता 192.0.2.25 आहे. त्याच जाळ्यावर 192.0.2.1 या पत्त्यावर एक राउटर होम एजंटचं काम करतो. लॅपटॉप लंडनमधल्या एका विद्यापीठात पोचतो. तिथला राउटर, 198.51.100.1, ठरावीक वेळाने आपल्या जाळ्यावर पुकारा करत असतो: मी पाहुण्यांची सोय करतो, माझा हा पत्ता वापरा. हा फॉरिन एजंट, आणि त्याने देऊ केलेला पत्ता म्हणजे केअर-ऑफ पत्ता. पुकारा ऐकून लॅपटॉपला कळतं की आपण घरी नाही. पुढे कधी हे पुकारे ऐकू येईनासे झाले, तर हे जाळंही सुटलं असं तो समजतो. फॉरिन एजंट नसेल तर लॅपटॉप स्थानिक जाळ्याकडून स्वतःपुरता पत्ता मागून घेतो आणि तोच केअर-ऑफ म्हणून वापरतो.

आता लॅपटॉप फॉरिन एजंटमार्फत पुण्याला नोंदणीची विनंती पाठवतो. यूडीपीच्या ४३४ क्रमांकाच्या पोर्टवर जाणाऱ्या या छोट्या संदेशात तीन गोष्टी महत्त्वाच्या: कायमचा पत्ता, केअर-ऑफ पत्ता आणि ही नोंद किती सेकंद धरायची तो अवधी. अवधी संपण्याआधी नोंद ताजी केली नाही तर ती आपोआप रद्द होते.

इथेच मोठा धोकाही आहे. खोटी विनंती पाठवून कुणीही त्या लॅपटॉपची सगळी पॅकेटं स्वतःकडे वळवून घेऊ शकेल. म्हणून लॅपटॉप आणि होम एजंट यांच्यात आधीच ठरलेल्या गुप्त किल्लीने प्रत्येक विनंतीवर खूण करावीच लागते. जुनी खरी विनंती कुणी टिपून पुन्हा पाठवू नये म्हणून तिच्यात वेळही घालता येते. दोघांच्या घड्याळांत ठरल्यापेक्षा जास्त फरक असला, आणि मानकाने त्यासाठी सात सेकंद सुचवले आहेत, तर होम एजंट विनंती नाकारतो आणि उत्तरात 133 हा कोड येतो. नोंदणी होत नसेल आणि किल्ली बरोबर असेल, तर आधी घड्याळ पाहावं.

नोंद मान्य झाली की होम एजंट पुण्यातल्या जाळ्यावर जाहीर करतो की 192.0.2.25 साठीचं सगळं माझ्याकडे द्या. लंडनमधलाच एखादा सर्व्हर, 203.0.113.80, लॅपटॉपला पॅकेट पाठवतो. लॅपटॉप शेजारच्याच इमारतीत आहे याची त्याला कल्पना नाही, त्यामुळे पॅकेट पुण्याला येतं. होम एजंट ते न उघडता नव्या लिफाफ्यात घालतो, वर केअर-ऑफ पत्ता लिहितो आणि लंडनला पाठवतो. तिथे फॉरिन एजंट बाहेरचा लिफाफा काढून मूळ पॅकेट लॅपटॉपच्या हाती देतो. हा प्रवास वाटेत `tcpdump -n ip proto 4` या आज्ञेने पाहता येतो. बारीक तपशील वगळले तर दिसतं ते असं:

```
IP 192.0.2.1 > 198.51.100.1: IP 203.0.113.80 > 192.0.2.25
```

डावीकडे बाहेरचा पत्ता, उजवीकडे आतला. आतल्याला कुणी हात लावलेला नाही, म्हणून टीसीपी जोडणी शाबूत राहते.

बाहेरच्या लिफाफ्याचे २० बाइट मात्र वाढतात. इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटांची मर्यादा असते, त्यामुळे आत १४८० चंच मावतं. मोठं पॅकेट आलं तर होम एजंटने पाठवणाऱ्याला 'आकार कमी कर' असं कळवायचं असतं. पण बऱ्याच फायरवॉल असे निरोप अडवतात. मग लक्षण ठरलेलं असतं: पिंग चालतं, लॉगिन होतं, आणि मोठं पान उघडायला गेलं की सगळं गोठतं.

दुसरा अडथळा काळाने आणला. मूळ रचनेत लॅपटॉपचं उत्तर पुण्याला न जाता थेट सर्व्हरकडे जाई, आणि पाठवणारा म्हणून त्यावर पुण्याचा पत्ता असे. पुढे खोट्या पत्त्यांनी होणारे हल्ले रोखण्यासाठी, बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर आपल्याच जाळ्याचा पत्ता आहे का हे तपासण्याचा प्रघात पडला. आरएफसी २८२७ ने २००० मध्ये तीच शिफारस केली. प्रामाणिक पाहुणाही त्या गाळणीत अडकला. येणारी पॅकेटं पोचतात आणि जाणारी हरवतात असं दिसलं तर संशय इथे घ्यावा. यावर उपाय म्हणजे उत्तरंही लिफाफ्यात घालून पुण्यामार्गेच पाठवणं.

त्याची किंमत मोजून पाहा. पुणे-लंडन अंतर सुमारे सात हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका फेरीला किमान ३५ मिलिसेकंद. प्रश्न लंडनहून पुण्याला जाऊन परत येतो, उत्तरही तसंच. शेजारच्या इमारतीशी बोलायला किमान १४० मिलिसेकंद लागतात. शिवाय पुण्यातला होम एजंट बंद पडला तर लंडनमधली दोन यंत्रं एकमेकांना दुरावतात.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी २००४ मध्ये आलेल्या मानकात ती जुनी अट सैल केली. फॉरिन एजंटची गरज उरली नाही, आणि लॅपटॉप आपला केअर-ऑफ पत्ता थेट सर्व्हरलाच कळवू शकतो. त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? सर्व्हर दोन वेगळ्या वाटांनी, एक पुण्यामार्गे आणि एक थेट, गुप्त संकेताचे दोन तुकडे पाठवतो. दोन्ही ज्याच्या हाती पडले तोच दोन्ही पत्त्यांचा धनी. पुण्याचा वळसा त्यामुळे टळतो. पण सर्व्हरलाही हे सगळं यावं लागतं, आणि त्यात रस घेणारे सर्व्हर फारसे निघाले नाहीत.

मोबाइल कंपन्यांनी वेगळी वाट धरली. ४जीमध्ये तुमच्या फोनचा पत्ता कंपनीच्या एका गेटवेपाशी बांधलेला असतो, आणि गाडीतून जाताना टॉवर बदलत गेले तरी तो गेटवेच पॅकेटं लिफाफ्यात घालून योग्य टॉवरकडे वळवतो. फोनला काहीच करावं लागत नाही. पण ही सोय त्या कंपनीच्या जाळ्यापुरतीच. घरात शिरून वायफाय लागलं की पत्ता बदलतो आणि जुनी टीसीपी जोडणी निकामी होते. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विकने म्हणून पत्त्यावरची भिस्तच सोडली. त्यात जोडणीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, आणि पत्ता बदलला तरी सर्व्हर त्यावरून तिला ओळखतो. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांना क्विक यावं लागतं.