व्हायोलिनची किंमत कोण ठरवणार?

सांगलीला ताईकडे बसलो होतो तेव्हा कुरिअर कंपनीच्या मुंबई ऑफिसातून फोन आला. बॉस्टनहून धाकट्या भावाने भाचीसाठी व्हायोलिन पाठवलं होतं. फोनवरचा मुलगा नम्र होता, घाईत होता. म्हणाला, "मॅडम, कस्टम्सने व्हॅल्यू वाढवलीय. मी एक मेल पाठवलाय, त्यावर फक्त 'ॲक्सेप्टेड' लिहून परत पाठवा. उद्या पार्सल सुटेल." ताईने मोबाइल हातात घेतला, अंगठा उचलला, आणि मी तिला थांबवलं. त्या एका शब्दाने तिच्या हातातून काय गेलं असतं, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. परदेशातून आलेली छोटी भेट करमुक्त असते, असं अजूनही घरोघरी ऐकू येतं. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंत तशी सवलत होती. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती बंद केली. आता भेट म्हणून सवलत मिळते ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. राखीबरोबर पाठवलेल्या इतर वस्तूंना ती नाही. बाकी भेटी आणता येतात, पण पूर्ण शुल्क भरून. हिशेबाने निघणारं शुल्क शंभर रुपये किंवा त्याहून कमी असेल तर मात्र ते घेतलं जात नाही. त्यामुळे डब्यावर ठळक अक्षरांत 'गिफ्ट' लिहिल्याने शुल्क टळत नाही.

शुल्काच्या दराशी भांडण्यात अर्थ नाही, तो कायद्याने ठरलेला असतो. खाजगी वापरासाठी आलेल्या वस्तूंवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ सीमाशुल्क २०२६ च्या अर्थसंकल्पाने २० वरून १० टक्क्यांवर आणायचं ठरवलं. जीएसटी हा किंमत अधिक सीमाशुल्क अशा बेरजेवर लागतो. म्हणजे अधिभार बाजूला ठेवला तर शंभर रुपयांच्या वस्तूवर साधारण तीस रुपये. हे तीस टक्के कोणत्या रकमेवर काढायचे, एवढाच खरा वाद असतो.

भावाने ते व्हायोलिन सुट्टीच्या सेलमध्ये घेतलं होतं. गज, पेटी आणि राळेची वडी धरून १८० डॉलर. पार्सलच्या फॉर्मवर त्याने तेवढेच लिहिले. बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलची छापील किंमत ४०० डॉलर होती. अधिकाऱ्याने ती पाहिली आणि १८० खोडून ४०० धरले. कुरिअरवाल्यांनी 'व्हॅल्यू वाढवली' म्हटलं ते हेच.

कायद्याच्या कलम १४ प्रमाणे आयात मालाची किंमत म्हणजे भारतात पाठवण्यासाठी झालेल्या विक्रीत प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. भेटीची अडचण इथेच सुरू होते. भावाने आणि ताईने आपसात काही विकलेलंच नाही. अशा वेळी २००७ चे मूल्यांकन नियम लागतात. ते पायरीपायरीने उतरतात: आधी तंतोतंत तशीच वस्तू त्या सुमारास भारतात कितीला आली, मग तिच्यासारखी दुसरी, मग इथल्या विक्रीच्या किमतीतून नफा, खर्च आणि कर वजा करून, आणि काहीच जमलं नाही तर शेवटचा नियम ९, म्हणजे वाजवी मार्गाने ठरवलेली किंमत. घरगुती भेटी बहुतेक या शेवटच्या पायरीवर येऊन थांबतात.

नियम ९ अधिकाऱ्याला मोकळा हात देतो असं वाटतं, पण तसं नाही. काय वापरायचं नाही याची यादी त्यातच दिली आहे. पाठवणाऱ्या देशातल्या स्थानिक बाजारभावावर किंमत ठरवता येत नाही. दोन पर्यायी किमतींपैकी जास्तीची घ्यायची, अशी पद्धत चालत नाही. मनमानी किंवा काल्पनिक आकडा चालत नाही. अमेरिकन वेबसाइटवरची ४०० डॉलरची पाटी या तिन्ही अडथळ्यांना धडकते. ती तिथल्या बाजारातली किंमत, तीही कुणी प्रत्यक्ष दिलेली नाही, आणि हाती असलेल्या दोन आकड्यांतला मोठा आकडा.

कुणी विचारेल, मग भावाचं १८० डॉलरचं बिल तरी अमेरिकेच्याच बाजारातलं ना? प्रश्न रास्त आहे आणि अधिकारीही तो विचारू शकतो. आमचं उत्तर असं होतं की ते बिल म्हणजे बाजारभावाचा अंदाज नाही, तर याच वस्तूसाठी खात्यातून गेलेली रक्कम आहे, आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत हाच कलम १४ चा गाभा आहे. वाजवी मार्ग शोधायचा तर त्या गाभ्याच्या जवळचा शोधावा.

आता त्या 'ॲक्सेप्टेड'कडे येतो. कुरिअरने आलेल्या मालासाठी कंपनी तुमच्या वतीने बिल ऑफ एन्ट्री भरते, पण कागदावर आयातदार तुम्ही असता. अधिकाऱ्याने लिहिलेली किंमत बदलून फेरआकारणी केली तर पंधरा दिवसांत त्याने कारणांसह लेखी आदेश द्यायचा असतो. हे कलम १७ चं पाचवं पोटकलम. त्यातला अपवाद एकच आहे: आयातदाराने फेरआकारणी लेखी मान्य केली असेल तर असा आदेश द्यावा लागत नाही. कारणंच कागदावर आली नाहीत तर पुढे अपिलात खोडून काय काढणार? कुरिअरचा मुलगा कट करत नव्हता. त्याला रोजची शेकडो पार्सलं हलवायची होती, आणि संमतीच्या मेलने ती लवकर हलतात.

ताईने त्या मेलला चार ओळींचं उत्तर लिहिलं. वाढवलेली किंमत मला मान्य नाही. मूल्यांकन नियम १२ प्रमाणे जाहीर किमतीबद्दल शंका घेण्याची कारणं लेखी कळवावीत आणि निर्णयाआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी. सोबत कागद जोडत आहे. हे उत्तर कस्टम्स अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवून पोच द्यावी. नियम १२ मध्ये आयातदाराने मागितल्यावर लेखी कारणं आणि सुनावणी देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मागितल्यावर, हा शब्द महत्त्वाचा. न मागता ते मिळेल असं धरून चालू नये.

कागद कोणते जोडायचे हेही त्याच नियमातून उमगतं. शंका घेण्याची जी कारणं नियमात दिली आहेत त्यांत एक आहे असाधारण सवलत. ४०० चं व्हायोलिन १८० ला, म्हणजे सवलत अर्ध्याहून जास्त. ती भावाला ओळखीने मिळाली नव्हती, दुकानात येणाऱ्या कुणालाही मिळत होती, हे दाखवायला हवं होतं. म्हणून बिलाबरोबर त्याने दुकानाच्या सेलची तारीख असलेली जाहिरात, कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती एक ओळ (बाकीच्या झाकून) आणि व्हायोलिनच्या आतल्या लेबलचा फोटो पाठवला. लेबलवरचा मॉडेल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळत होता. या जुळण्याला मी सगळ्यांत जास्त वजन देईन, कारण बिल दुसऱ्याच वस्तूचं असल्याचा संशय अधिकाऱ्यांना नेहमी येतो, आणि तो उगीच नसतो.

कितीतरी लोक तीनशे डॉलरच्या वस्तूवर 'गिफ्ट, वीस डॉलर' लिहितात आणि त्याच पार्सलचा विमा तीनशेचा उतरवतात. दोन्ही आकडे एकाच कागदावर असतात. तिथे वाद घालायला जागा उरत नाही. खोटी किंमत जाहीर केलेला माल जप्त होऊ शकतो, वर दंडही होतो. या लेखातलं सगळं खरी किंमत लिहिणाऱ्यासाठी आहे.

आकडे मांडून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. कुरिअरचा खर्च ७० डॉलर होता आणि किमतीत वाहतूक मिळवावीच लागते. पण माल विमानाने आला असेल तर हा खर्च वस्तूच्या किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरू. प्रत्यक्षात कस्टम्सने जाहीर केलेला दर लागतो. १८० डॉलरचे झाले १६,२०० रुपये. वाहतूक ६,३०० नव्हे, तर जास्तीत जास्त ३,२४०. विम्याची रक्कम माहीत नसल्यास सव्वा टक्क्याच्या किंचित आत, म्हणजे १८२ रुपये. एकूण सुमारे १९,६२० आणि त्यावर शुल्क साधारण ५,८५० रुपये. ४०० डॉलर धरले असते तर एकूण ४२,७०० च्या वर आणि शुल्क साधारण १२,७०० रुपये. फरक ६,८०० रुपयांच्या पुढे, म्हणजे सांगलीत भाचीच्या क्लासची कित्येक महिन्यांची फी.

पार्सल टपालाने आलं असतं तर वाट थोडी वेगळी होती. मुंबईत ते बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात जातं, तिथे कस्टम्सचे लोक आकारणी करतात आणि पोस्टमन पैसे घेऊन पार्सल देतो. शंका असेल तर पत्राने बिल मागवतात. त्या पत्राला उत्तर न देणं ही सर्वांत मोठी चूक, कारण मग अधिकाऱ्याकडे स्वतःच्या अंदाजाशिवाय काही राहत नाही. आणि मागणी पत्राने आली असो की मेलने, आधी ती खरी आहे का ते पाहावं. कस्टम्सच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो आणि तो esanchar.cbic.gov.in वर तपासता येतो. कुणाच्या खाजगी खात्यात किंवा मोबाइल नंबरवर पैसे मागितले, तर ते कस्टम्स नाही.

'आता भरून टाकू, नंतर परतावा मागू' हा सल्ला मला दोघा जाणकारांनी दिला. तो अपुरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसी कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं की मूळ आकारणी अपिलात किंवा कायद्याच्या इतर तरतुदींखाली बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. पार्सल अडवून ठेवायचं नसेल तर पैसे भरावेत, पण हरकत नोंदवून भरत असल्याचं आधी लेखी कळवावं, आणि आदेश मिळाल्यापासून साठ दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जावं. उशिराचं सबळ कारण असेल तर ते आणखी तीस दिवस देऊ शकतात, त्यापुढे नाही.

आम्हाला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. नऊ दिवसांनी १८० डॉलर मान्य झाल्याचा निरोप आला. पण वाहतूक पूर्ण ६,३०० धरलेली होती. ताईने वीस टक्क्यांच्या मर्यादेचा नियम १० पुन्हा लिहून पाठवला, तेव्हा तीही रक्कम दुरुस्त झाली. कुरिअर कंपनीने मधल्या दिवसांचं गोदामाचं भाडं लावलं आणि ते आम्ही भरलं.

परवा भावाने भाचीसाठी तारांचा संच पाठवला. या वेळी फॉर्मवर वस्तूचं पूर्ण नाव, मॉडेल, 'नवीन, सेलमध्ये घेतलेला' असं लिहिलं होतं, आणि बिलाची एक प्रत आत, दुसरी डब्यावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात होती.