चाळीस रुपयांचा व्हिडिओ लिहिताना

भाजीवाल्याला मोबाइलवरून 40 रुपये कसे द्यायचे, हे पहिल्यांदाच स्मार्टफोन हातात घेतलेल्या ज्येष्ठांना शिकवणारा व्हिडिओ लिहायचा आहे, असं धरा. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो: ‘सर्वप्रथम ॲप ओपन करून होमस्क्रीनवरील स्कॅनर आयकॉनवर क्लिक करा, क्यूआर कोड स्कॅन करून अमाउंट एंटर करा आणि पिन टाकून पेमेंट कन्फर्म करा.’ माहिती बरोबर आहे, पण ती कळते ज्याला हे आधीच येतं त्याला. एका दमात पाच-सहा कामं सांगितल्यावर ऐकणारा दुसऱ्यावरच अडकून पडतो.

यावर काही जण उलट टोक गाठतात आणि ‘अनुप्रयोग उघडून राशी प्रविष्ट करा’ असं लिहितात. हे जास्तच अवघड, कारण ‘अनुप्रयोग’ घरात कुणी म्हणत नाही आणि तो शब्द फोनवरही बहुधा सापडत नाही. मी एक साधा नियम पाळते. पडद्यावर जो शब्द दिसणार आहे तो जसाच्या तसा ठेवायचा. बाकी सगळं घरातल्या बोलण्यातलं. ‘Pay लिहिलेलं बटण’ म्हणायचं, पण अमाउंटला ‘रक्कम’ किंवा सरळ ‘किती रुपये’. क्रियापदंही बोलीतली हवीत. ‘उघडावे’, ‘निवडावे’ ऐकलं की सरकारी सूचना वाचल्यासारखी वाटते.

‘दाबा’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. आयुष्यभर दिव्याची बटणं आणि कॅल्क्युलेटर दाबलेला माणूस ‘दाबा’ ऐकल्यावर खरंच दाबून धरतो. ॲपच्या चित्रावर बोट जरा जास्त वेळ राहिलं की ॲप उघडतच नाही, भलतीच यादी समोर येते आणि माणूस गोंधळतो. म्हणून पहिल्यांदा ‘हलकंच बोट टेकवा आणि लगेच उचला’ असं सांगायचं, ते पडद्यावर जवळून दाखवायचं आणि मगच पुढे जायचं.

आणखी एक अडचण संहिता लिहिताना सहज विसरली जाते. पाहणारा ज्या फोनवर व्हिडिओ पाहतोय, त्याच फोनवर त्याला ते काम करायचंय. पैशांचं ॲप उघडलं की व्हिडिओ नजरेआड होतो. म्हणून प्रत्येक भाग लक्षात राहील इतका लहान हवा, आणि शेवटी स्पष्ट सांगायला हवं: ‘आता व्हिडिओ थांबवा, एवढं करून पाहा, मग परत या.’ आधी कुठे पाहायचं, मग काय करायचं, मग काय दिसेल, असा क्रम ठेवला की करणाऱ्याला आपण बरोबर चाललोय हे स्वतःलाच पडताळता येतं. तोच प्रसंग मग असा होतो: ‘कॅमेरा त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनासमोर धरा. थोड्या वेळात दुकानदाराचं नाव येईल. ते नाव त्यांना वाचून दाखवा. बरोबर असेल, तरच 40 लिहा.’

आता सूर. ‘अगदी सोप्पं आहे!’ हे वाक्य मी नेहमी खोडते. ज्याला ते तिसऱ्यांदाही जमत नाही, त्याला त्यातून आपणच मंद आहोत असं ऐकू येतं. ‘आजी-आजोबांनो’ अशी हाकही नको. समोर निवृत्त मुख्याध्यापिका असतील, पन्नास वर्षं शेती केलेला माणूस असेल, ‘तुम्ही’ पुरे. ‘घाबरू नका’ म्हणण्यापेक्षा भीतीचं उत्तर द्यावं: ‘पिन टाकेपर्यंत खात्यातून पैसे जात नाहीत. काही चुकलं असं वाटलं, तर मागे या.’

पिनपाशी मात्र सावकाश व्हायला हवं, कारण इथे तीन पिन एकमेकांत मिसळतात: फोन उघडायचा, एटीएमचा आणि UPIचा. हा तिसरा, चार किंवा सहा आकडी. पिन टाकल्यावर चक्र फिरत राहिलं तर लगेच पुन्हा पैसे पाठवू नयेत, आधी व्यवहारांची यादी पाहावी, हे सांगितलं नाही तर 40 रुपये दोनदा जातात. आणि सगळ्यांत ठाम आवाजात एक वाक्य: ‘पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे मिळतील म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवून द्या.’

संहिता तयार झाली की ज्यांच्यासाठी ती आहे अशा एकाला ती करायला द्यावी आणि आपण गप्प बसावं. ‘म्हणजे कुठे?’ असं ज्या ओळीला विचारलं जाईल, ती ओळ बदलायची.

फसवणुकीचा भाग लिहिताना ‘सावध राहिला असता तर’ असा सूर चुकूनही येऊ देऊ नये. लाज वाटली की माणूस मुलांपासूनही लपवतो आणि तक्रारीला उशीर होतो. पैसे अडवण्यासाठी सुरुवातीचा वेळच मोलाचा असतो. तिथे एवढंच लिहावं: ‘हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. आत्ताच 1930 वर फोन करा. एक, नऊ, तीन, शून्य.’ आणि हा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत, कागदावर उतरवून घेता येईल इतका वेळ ठेवावा.