डिस्चार्ज कार्डचा ‘दिवसाचा कागद’ कसा बनवायचा? आजीला समजेल असा

घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यातून घरी येतं, तेव्हा सोबत एक डिस्चार्ज कार्ड येतं. आपण त्याचा फोटो काढतो, फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि काम झालं असं समजतो. पण ज्याला गोळ्या घ्यायच्या आहेत, त्याला त्या फोटोतलं काहीच वाचता येत नसतं. आज हाच कागद सोपा कसा करायचा ते बघू. उदाहरण आमच्याच घरचं आहे, बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचं.

आजी चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळा दुसरीपर्यंत. नोटा बरोबर ओळखते, अक्षरं मात्र जुळत नाहीत. हृदयाचं पंपिंग कमी झाल्यामुळे पायावर सूज आणि दम, म्हणून ती सहा दिवस दवाखान्यात होती. घरी येताना कार्डावर पाच गोळ्या होत्या: पित्तासाठी पँटोप्राझोल, लघवी जास्त होऊन अंगातलं साचलेलं पाणी निघावं म्हणून फ्युरोसेमाइड, हृदयाचे ठोके आवरायला मेटोप्रोलॉल, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन. दुखलं तरच घ्यायची म्हणून पॅरासिटामॉल वेगळी. खाली दोन ओळी: मीठ कमी, पाणी दिवसाला दीड लिटर.

आधी कार्डाची भाषा

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. (डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र ओडीचा अर्थ उजवा डोळा असाही होतो, तिथे विचारून घ्या.) १-१-० असं लिहिलं असेल तर सकाळी एक, दुपारी एक, रात्री नाही.

हे शेवटचं नीट बघा. आजीची फ्युरोसेमाइड १-१-० होती. ‘दोनदा’ म्हटलं की आपण सहज सकाळ-संध्याकाळ धरतो. पण या गोळीचा जोर साधारण सहा तास टिकतो. ती रात्री घेतली तर म्हातारं माणूस अंधारात चार वेळा उठणार आणि कुठेतरी पडणार. म्हणून दुसरी गोळी दुपारी. आम्ही डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चारच्या चहाबरोबर द्या. जे अक्षर लागत नाही, जो आकडा पटत नाही, तो दवाखान्यातून निघायच्या आधीच विचारा. अंदाजाने काही भरायचं नाही.

कार्ड गोळीप्रमाणे असतं, माणूस वेळेप्रमाणे जगतो

खरी अडचण इंग्रजी नाही. कार्डावर एका ओळीत एक गोळी आणि तिच्यापुढे तिच्या वेळा असतात. पण आजीला सकाळी उठल्यावर प्रश्न पडतो तो उलटा: आत्ता काय घ्यायचं? म्हणून नुसतं भाषांतर करून काही होत नाही. कागद उलटा मांडावा लागतो, वेळ आधी आणि गोळी नंतर.

वेळसुद्धा घड्याळातली नको. आजीचा दिवस ज्या कामांनी चालतो तीच कामं घ्या. आमच्या कागदावर पाच ओळी झाल्या. चूळ भरल्यावर पित्ताची गोळी, मग अर्ध्या तासाने चहा आणि खाणं. सकाळचं खाल्ल्यावर लघवीची एक आणि ठोक्याची एक. दुपारच्या जेवणानंतर रक्त पातळ ठेवायची. चारच्या चहाला लघवीची दुसरी. खाटेवर पडताना चरबीची. गोळ्यांचे प्रकार पाच, पण दिवसाच्या गोळ्या सहा. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या शेजारच्या खालांसाठी त्यांच्या नातवाने असाच कागद केला, तेव्हा त्याने दिवस अजानीवर मांडला: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. खालांना घड्याळापेक्षा ते पक्कं माहीत. मात्र अजानीच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात, त्यामुळे ठरावीक तासांनीच घ्यायचं औषध असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

कागद मोबाईलवर गूगल डॉक्समध्ये टेबल टाकून केला. दोनच रकाने, अक्षर मोठं, एका ओळीत एकच गोष्ट. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि चित्रं पेनाने काढली. इथे एक मजा झाली. झोपायच्या वेळेसाठी मी चंद्रकोर काढली होती. आजी बघून म्हणाली, “हे त चतुर्थीचं दिसते.” म्हणजे तिच्या हिशोबाने ती गोळी महिन्यातून एकदाच! मग चंद्र खोडून खाट काढली. दक्षिण आफ्रिकेत रॉस डाउस आणि मार्टिना एहलर्स या संशोधकांनी कमी शिकलेल्या लोकांना औषधांची चित्रं दाखवून बघितली होती. अमेरिकेतून आलेल्या चित्रांपेक्षा तिथल्याच लोकांच्या सवयीतून काढलेली चित्रं जास्त समजली. तेव्हा नेटवरून आयकॉन उतरवून चिकटवू नका. काढा, दाखवा, आणि “हे काय आहे?” असं विचारा.

‘समजलं का?’ विचारू नका, करून दाखवायला सांगा

२००६ साली अमेरिकेत ३९५ रुग्णांना औषधांच्या चिठ्ठ्या वाचायला दिल्या होत्या. त्यातली एक होती, ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या’. ज्यांचं वाचन कच्चं होतं अशांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर वाचली. पण दिवसाच्या गोळ्या किती ते मोजून दाखवा म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्क्यांना जमलं. वाचणं वेगळं आणि करणं वेगळं.

आम्ही घरी हे हरभऱ्यावर केलं. खऱ्या गोळ्या पाकिटातून काढायच्या नाहीत. जमिनीवर पाच वाट्या ओळीने ठेवल्या, प्रत्येक वाटीखाली कागदातलं एकेक चित्र. आजीच्या हातात मूठभर हरभरे दिले आणि म्हटलं, “आजी, तू उद्या दिवसभर गोळ्या कशा घेशील ते मांडून दाखव.” सकाळच्या वाटीत तिने तीन टाकले आणि चारच्या चहाची वाटी रिकामीच. बेरीज सहा बरोबर आली, मांडणी चुकली. विचारलं तर म्हणाली, “लघवीच्या गोया दोन हायेत ना? सकायीच दोन घेतल्या त काय बिघडते? चार वाजेलोक कोन ध्यानात ठेवते बाप्पा.”

तिचा हिशोब तिच्या जागी बरोबर होता. ‘लघवीची गोळी दोनदा’ असं आम्हीच तोंडी सांगत होतो. मग ‘दोनदा’ हा शब्दच काढून टाकला. सकाळची लघवीची गोळी आणि चहाची लघवीची गोळी अशी दोन नावं ठेवली आणि सकाळी दोन घेतल्या तर चक्कर का येऊ शकते ते सांगितलं. पुन्हा मांडायला लावलं, बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी न सांगता परत विचारलं, तेव्हाही बरोबर.

त्याच बैठकीत आणखी एक कळलं. आजी मोठी गोळी खलबत्त्यात कुटून गुळासोबत घेते. तिची मेटोप्रोलॉल हळूहळू विरघळणारी होती, नावापुढे एक्सएल लिहिलेलं. अशी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. नुसतं “कळलं का?” विचारलं असतं तर हे बाहेर आलंच नसतं.

दीड लिटर म्हणजे किती?

‘पाणी दीड लिटर’ हे तर शिकलेल्या माणसालाही मोजता येत नाही. यावर जुनी आणि चांगली युक्ती आहे. सकाळी बाटल्यांत मोजून दीड लिटर पाणी भरून ठेवायचं. प्यायचं ते त्यातूनच. चहा, ताक, दूध घेतलं तर तेवढंच पाणी बाटलीतून झाडाला ओतायचं. बाटल्या संपल्या की आजचं संपलं. मिठासाठी ग्रॅम सांगत बसलो नाही. पापड, लोणचं, खारोड्या बंद आणि ताटात वरून मीठ नाही, एवढंच.

अलार्म आपल्या आवाजात

टण टण वाजणाऱ्या अलार्ममधून कोणती गोळी ते कळत नाही. फोनच्या रेकॉर्डरवर “आजी, चहाची लघवीची गोळी घे” असं बोलून ठेवा. गूगलच्या क्लॉक ॲपमध्ये अलार्म उघडून आवाजाच्या नावावर टॅप करा आणि Add new मधून ती फाइल निवडा. चार वाजता तुमचाच आवाज येईल. फक्त हा फोन आजीजवळ राहिला पाहिजे, तुमच्या खिशात बुलढाण्याला गेला तर उपयोग नाही. घरी साधा बटणाचा फोन असेल तर चार वाजता सरळ कॉल करा.

पाकीट बदललं तर?

‘गुलाबी गोळी’, ‘निळं पाकीट’ अशी ओळख कागदावर लिहू नका. पुढच्या वेळी मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची तीच गोळी देतो आणि रंग बदलतो. रिकामं पाकीट सोबत न्या आणि नव्या पाकिटाशी बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा, कंपनीचं मोठं नाव नव्हे. डब्यातली जुनी पाकिटंही अशीच तपासा. एकच औषध दोन नावांनी घरात असेल तर डबल डोस जातो. आणि गुडघे दुखले म्हणून दुकानातून भलतीच दुखण्याची गोळी आणू नका. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, म्हणजे जे काढायला आजी दवाखान्यात गेली तेच परत.

कागदाच्या पाठीमागे धोक्याच्या खुणा लिहिल्या, त्याही तिच्या शब्दांत. जोडवी रुतायला लागली किंवा पायावर अंगठा दाबला की खळगा राहतो, एक उशी पुरत नाही, तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बसल्या जागी दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८.

कागदावर सगळ्यात वर तारीख टाका. सात दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी हाच कागद वाचून बघितला आणि चहाची लघवीची गोळी बंद केली. त्या ओळीवर काट मारली नाही, अख्खा कागद नवा काढला आणि जुना फाडला. अलार्म काढून टाकला, ग्रुपवरचा जुना फोटो डिलीट केला. कारण पुण्याचे काका रोज चार वाजता फोन करून आजीला विचारत होते, “चहाची गोळी घेतली का?” त्यांना नवा कागद पाठवला आणि वर फोन करून सांगितलं.