नाव कुणी ठेवलं?

कंपनी असो वा संस्था, नव्या नावाच्या उद्घाटनाचं भाषण बहुतेक एकाच वळणाचं असतं. संस्थापक उभा राहतो, नावाची फोड करून सांगतो, त्यामागचं स्वप्न सांगतो आणि समोरचे टाळ्या वाजवतात. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांनी आपल्या दवाखान्याच्या नावाची हकिगत अनेक व्याख्यानांत सांगितली आहे. तिच्यात मात्र संस्थापक ऐकणारा आहे आणि नाव सांगणारे आदिवासी आहेत. म्हणून ती मला मोलाची वाटते.

चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यानंतर चारेक वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे आले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेल्या या दांपत्यानं संस्थेला नाव दिलं ‘सर्च’. ही एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं. मराठीत अर्थ शोध. सरकारी कागदांना आणि संशोधनाच्या जगाला हे नाव सोयीचं होतं. पुढे धानोरा रस्त्यावर वसाहत उभी राहिली, तिचं नाव ‘शोधग्राम’. या नावात सेवाग्रामचा प्रतिध्वनी आहे, आणि अभय बंग यांचं बालपण तिथल्याच नई तालीमच्या शाळेत गेलेलं. खुद्द सेवाग्राम हेही बदललेलं नाव. मूळ गाव शेगाव. पण गांधीजींची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. टपालाच्या अडचणीतून आलेलं नाव पुढे एका विचाराचं नाव होऊन बसलं.

‘सर्च’ आणि ‘शोधग्राम’ ही दोन्ही नावं संस्थेनं स्वतःसाठी ठेवलेली. दवाखाना मात्र दुसऱ्यांसाठी होता, आणि ते दुसरे दवाखान्यात यायला घाबरत होते. त्यामुळे नावाच्या आधी भीतीचं कारण विचारावं लागलं.

गोंडांनी दिलेली उत्तरं डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हती. दवाखान्यात माणसं मरतात, त्यांचे आत्मे तिथेच फिरत असतात. अशा जागी आजारी माणसाला कसं झोपवायचं? तुमचे डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्याला पांढऱ्या कापडात गुंडाळतो. मढ्याचं कापड पांघरलेला माणूस जीव कसा वाचवणार? शिवाय तुम्ही रोग्याला आत ठेवता आणि नातेवाइकांना बाहेर काढता. जंगलातून पायी आलेल्या बाईनं आपलं लेकरू अनोळखी माणसांच्या हाती सोडून भिंतीबाहेर बसायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

मग दवाखाना मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांचा झाला, गोंडांच्या गावासारखा. रोग्याबरोबर घरच्या माणसांनीही तिथेच राहायचं ठरलं. नाव काय ठेवायचं, हेही त्यांनाच विचारलं. त्यांनी आपल्या देवीचं नाव सांगितलं. दवाखाना देवीचा असेल तर तिथे भुताखेतांचं भय उरत नाही. नाव ठरलं ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’.

या तीन शब्दांपाशी जरा थांबावंसं वाटतं. दंतेश्वरीचं मूळ ठाणं बस्तरमधल्या दंतेवाड्याला, शंखिनी आणि डंकिनी नद्यांच्या संगमावर. नकाशावर ते दुसऱ्या राज्यात येतं. पण गडचिरोलीच्या पूर्वेकडच्या माणसाचे सोयरे आणि देव ती हद्द कधी मानत आलेले नाहीत. ‘आई’ऐवजी आलेला ‘माँ’ही या सीमेवरच्या मिसळलेल्या बोलीशी जुळतो. आणि ‘दवाखाना’! ‘रुग्णालय’ हा शब्द पाटीवर शोभतो, पण आमच्या विदर्भात ताप आलेल्या पोराला कुणी रुग्णालयात नेत नाही, दवाखान्यातच नेतं.

नावानंच काम झालं असं मी म्हणणार नाही. तीच देवी पाटीवर असती आणि आत पांढरे कोट नि भेटीच्या ठरावीक वेळा तशाच राहिल्या असत्या, तर गोंडांनी ती फसवणूक एका दिवसात ओळखली असती. नावाला झोपड्यांचा आधार होता. असं नाव उचलून दुसरीकडे लावताही येणार नाही. जिथे लोकांची देवी वेगळी आणि भीती वेगळी, तिथे पुन्हा पहिल्यापासून विचारत जावं लागेल. संस्थापकाला हे जड जातं, कारण नाव ठेवणं हा त्याच्या हाती असलेला सर्वांत गोड अधिकार असतो. बंगांनी दवाखान्यापुरता तो सोडला, आणि माझ्या मते त्यांच्या तीन नावांतलं हेच सर्वांत अस्सल नाव आहे.

दंतेश्वरीचं मंदिर शोधग्रामच्या आवारात आहे. तिथे देवीची जत्रा भरते आणि गावोगावचे आदिवासी येतात. त्याच वेळी त्यांची आरोग्याची सभा बसते आणि आपल्या भागात कोणत्या दुखण्यावर आधी काम व्हावं, हे तेच सांगतात. त्यांनी सांगितलेल्या दुखण्यांत हिवताप होता, आणि संस्थेनं त्यावर काम हाती घेतलं.