आठ गोण्या गेल्या कुठे?

समजा, एका बंगल्याचा 100 चौरस मीटरचा स्लॅब भरला. तुळया धरून काँक्रीट 18 घनमीटर. 1:1.5:3 या प्रमाणाला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या धरतात, म्हणजे 144 गोण्या लागायला हव्यात. गोदामात आधीच्या 10 होत्या, चलनावर 180 आल्या, संध्याकाळी 38 उरल्या. खर्च 152. रिकाम्या गोण्या मोजल्या, त्याही 152 भरल्या. मग जादा आठ गोण्या गेल्या कुठे?

संशय आधी रखवालदारावर जातो. पण रिकाम्या गोण्या जागेवर आहेत, तेव्हा आधी स्लॅबची जाडी मोजलेली बरी. नकाशात 125 मिलिमीटर होती, सेंटरिंग किंचित दबल्याने सरासरी 130 भरली. पाच मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाहीत, पण एवढ्या क्षेत्रात ते अर्धा घनमीटर काँक्रीट होते आणि चार गोण्या गिळते. उरलेल्या चार गोण्या म्हणजे तीन टक्क्यांच्या आतली सांडलवंड. एवढी बहुतेक ठिकाणी मान्य असते.

वाळूचे गणित अधिक फसवे. साडेअठरा घनमीटरला कोरडी वाळू सुमारे पावणेतीन ब्रास लागते. प्रत्यक्षात चार ब्रास आली, 0.7 उरली, म्हणजे 3.3 संपली. अर्धा ब्रास कमी मिळाली असे वाटते. पण वाळू ओली होती. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसला की कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग फुगतो. पाच-सहा टक्के ओलाव्याला बारीक वाळू पाव हिश्शानेही फुगू शकते. खूण सोपी आहे. भांड्यात 200 मिलिमीटर उंच ओली वाळू सैल भरायची, वर पाणी येईपर्यंत ओतून ढवळायची आणि बसू द्यायची. पूर्ण भिजल्यावर फुगवटा जातो. उंची 165 वर आली, तर वाळू सुमारे 21 टक्के फुगलेली होती. इथली तूट जवळजवळ तेवढीच. ही चाचणी गाडी रिकामी होतानाच करावी. नंतर ढीग वाळतो आणि वाद उरतो.

सळईचा हिशेब कधी उलटाच येतो. 10 मिलिमीटरच्या, 12 मीटर लांबीच्या 100 सळया वजनकाट्यावर 710 किलो भरल्या. कोष्टकाप्रमाणे मीटरला 0.617 किलो धरले, तर त्या 740 किलो व्हायला हव्यात. आता स्लॅबमधली सळई कोष्टकाने मोजली, तर आली त्याहून जास्त वापरल्याचे वहीत दिसते! चोरी झाली असती तर उलट दिसले असते. मानकात या जाडीला सात टक्के कमी-जास्त वजन चालते, त्यामुळे माल नियमात आहे. फक्त सळया हलक्या आहेत. म्हणून प्रत्येक लॉटमधले मोजून कापलेले तुकडे वजन करून मीटरचे खरे वजन काढावे, आणि वापर, शिल्लक व तुकडे तिन्ही त्याच दराने मांडावेत. बिल मात्र काट्याच्या वजनावर घ्यावे. नग मोजून कोष्टकाच्या वजनाने बिल लावले, तर ते 30 किलो मालकाच्या खिशातून जातात.