ब्रेक, पन्नास गाड्या आणि एक रेषा

1920च्या दशकातल्या मोटारगाड्यांच्या 50 नोंदी संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही वापरतात. प्रत्येक नोंदीत दोनच आकडे आहेत: गाडीचा ताशी वेग मैलांत आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला लागलेलं अंतर फुटांत. ताशी 15 मैल वेगाच्या तीन गाड्या 20, 26 आणि 54 फुटांवर थांबल्या. वेग एकच, अंतरं तीन. मग या ठिपक्यांमधून रेषा काढायची कुठून?

रेषेपासून ठिपका जितका वर किंवा खाली, तितकी तिची चूक. वरची चूक अधिक, खालची उणे धरून नुसती बेरीज केली, तर भलतंच होतं. सरासरी अंतरावर, म्हणजे सुमारे 43 फुटांवर, आडवी रेषा ओढली तरी चुकांची बेरीज शून्य येते. पण ही रेषा वेगाकडे बघतच नाही. चुकांचे वर्ग करून बेरीज घेतली, की तिचं पितळ उघडं पडतं: तिच्या वर्गांची बेरीज सुमारे 32,539 भरते, तर सर्वांत कमी बेरीज देणाऱ्या तिरप्या रेषेची 11,354.

उणे चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर? तोही मार्ग आहे, पण त्याचं उत्तर वेगळं. 20, 26, 54 या तिघांसाठी एकच आकडा निवडायचा, तर चिन्ह पुसल्यावर मधला 26 जिंकतो. 54च्या जागी 154 असते तरी तोच. वर्ग केल्यावर 33.3 येतो, म्हणजे तिघांची सरासरी. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी धूमकेतूंच्या कक्षा काढताना 1805 साली छापलेली ही लघुतम वर्ग पद्धत मुळात सरासरीच शोधते, फक्त ती वेगाबरोबर सरकते.

याची किंमतही मोजावी लागते. दुप्पट चूक चौपट जड होते. 14 मैलांना 80 फूट आणि 24 मैलांना 120 फूट घेणाऱ्या दोनच गाड्यांनी 11,354 पैकी जवळपास एक तृतीयांश वाटा उचलला आहे.

रेषेचा उतार 3.93 आहे. याचा अर्थ, वेगात ताशी एका मैलाचा फरक असलेल्या गाड्यांच्या थांबण्याच्या अंतरात सरासरी 3.93 फुटांचा फरक. अमुक एक गाडी नेमकी इतकीच पुढे जाईल, अशी ही हमी नाही. आकडा एककांवरही अवलंबून असतो: मीटर आणि किलोमीटर घेतले, तर तोच उतार सुमारे 0.74 होतो.

ही रेषा मात्र उभ्या गाडीला उणे 17.6 फुटांत थांबवते! वेग वाढतो तसं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या जवळपास वाढतं, सरळ रेषेत नाही. चुकांकडे पाहिलं की हे कळतं. 4 मैलांच्या दोन्ही गाड्या रेषेच्या वर आहेत, 24-25 मैलांच्या पाचांपैकी चारही वर. मध्ये 12 मैलांच्या चारही आणि 20 मैलांच्या पाचांपैकी चार गाड्या रेषेखाली आहेत.